कार्बोरेटर न उघडताच ‘साफ’ केल्याचं बिल

ज्यांच्याकडे अजून कार्बोरेटरवाली बाइक आहे, जी पळताना झकास पळते पण सिग्नलला थांबलं की बंद पडते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हा दोष दुरुस्त न करता दोन मिनिटांत झाकता येतो आणि झाकण्याचे पैसे साफसफाईच्या नावावर उकळता येतात. माझ्याकडून उकळले.

गाडी 2013 ची, 150 सीसी, आरपीएमचा काटा असलेली. पावसाळ्यात बरेच दिवस पार्किंगमध्ये नुसती उभी होती. पुन्हा वापरायला काढली तेव्हापासून पुण्यात वारजे ते डेक्कन या रस्त्यावर तिने छळ मांडला. कर्वे रोडला मोकळा रस्ता मिळाला की काही तक्रार नाही. पण नळ स्टॉपला क्लच दाबून रेस सोडली की काटा 1400 वर टेकायचा, तिथून घसरत 900, 700 आणि गप्प. मागचे हॉर्न वाजवायला तयारच असतात. चोक अर्धा ओढून ठेवला तर मात्र टिकायची. ही खूण महत्त्वाची आहे. चोकने पेट्रोलचं प्रमाण वाढतं. म्हणजे थांबलेल्या अवस्थेत इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं.

घराजवळच्या एका गॅरेजात दाखवली. मालकाने दोनदा रेस दिली आणि म्हणाला, “साहेब, कार्बोरेटर चोकप झालाय. खोलून साफ करतो, किट टाकतो, संध्याकाळी न्या.” संध्याकाळी बिल हातात आलं: कार्ब क्लीनिंग 350, कार्ब किट 280, ट्यूनिंग 150. एकूण 780 रुपये. गाडी दारातच चालू करून दाखवली, बंद पडली नाही. मी पैसे दिले.

बंद पडत नव्हती हे खरं. पण काटा बघा. गार इंजिनावर 1500, आणि डेक्कनला पोचेपर्यंत, इंजिन तापल्यावर, 2100. सिग्नलला उभं असताना गाडी घरघरत राहायची, न्यूट्रलमधून पहिला टाकला की ‘खटाक’ असा आवाज यायचा. रेस पूर्ण सोडली तरी गर्दीत ती पुढेच ढकलायची, त्यामुळे ब्रेकवर सारखा पाय. पेट्रोलही जास्त खायला लागली. आणि सकाळी पहिल्या सिग्नलला, इंजिन पुरतं तापायच्या आत, अधूनमधून बंद पडणं चालूच होतं.

इथे काय केलं होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळी बनवाबनवी याच एका जागी आहे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जायला दोन मुख्य वाटा. गाडी पळत असताना मेन जेट काम करतो. रेस सोडलेली असताना, म्हणजे सिग्नलला, इंजिन जवळजवळ पूर्णपणे पायलट जेटवर चालतं. या जेटचं भोक अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतं. गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं, म्हणजे बाउलमधलं पेट्रोल हळूहळू उडून जातं, मागे चिकट राळ उरते, आणि सर्वांत आधी हेच भोक बुजतं. मेन जेटचं भोक मोठं, त्याला तेवढ्याने काही होत नाही. म्हणून गाडी पळते चांगली आणि थांबते तेव्हाच मरते.

आता बाहेरून, काहीही न खोलता, हाताने फिरवता येईल असा एक स्क्रू असतो. गॅरेजात त्याला आयडलिंगचा किंवा आरपीएमचा स्क्रू म्हणतात. तो पेट्रोल-हवेचं प्रमाण बदलत नाही, फक्त थ्रॉटलची पाकळी थोडी उघडी धरून ठेवतो. तो आवळला की रेस किंचित दिल्यासारखं होतं. पाकळीच्या कडेला जी पुढची बारीक भोकं असतात ती उघडी पडतात, तिथून थोडं जास्त पेट्रोल ओढलं जातं आणि बुजलेल्या पायलट जेटची उणीव झाकली जाते. गाडी दारात बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश. मूळ घाण जागच्या जागी.

तक्रार घेऊन परत गेलो तर मालकाचा सूर बदललेला. “साफ करून पण होत नाही म्हणजे कार्बोरेटरच गेलाय. नवीन टाकावा लागेल, तीन हजार दोनशे. जुना आम्ही ठेवून घेतो.” हे शेवटचं वाक्य मला खटकलं. गेलेला कार्बोरेटर त्यांना कशाला हवाय? उद्या सांगतो म्हणून निघालो आणि सरळ धायरीत एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. ऑफिसातले दोघे-तिघे त्यांच्याकडेच जातात.

काकांनी बिल वाचलं, मग खाली वाकून टॉर्च मारला आणि मला बोलावलं. “दादा, हे स्क्रू बघा.” कार्बोरेटरच्या तळाला बाउल चार स्क्रूंनी बसवलेला असतो. चारही स्क्रूंच्या खाचांमध्ये चिखल आणि ऑइल मिळून दगडासारखं घट्ट झालेलं. खाचेत स्क्रू ड्रायव्हर शिरला असता तर तो थर फुटला असता, पितळी चकाकी दिसली असती. दोन स्क्रूंवर कंपनीतून लागलेला पिवळ्या रंगाचा ठिपकासुद्धा अखंड होता, अर्धा बाउलवर, अर्धा स्क्रूवर. म्हणजे गाडी घेतल्यापासून हा बाउल कुणी उघडलेलाच नव्हता.

मग त्यांनी माझ्यासमोर उघडला. आधी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि ड्रेन स्क्रू सैल करून बाउलमधलं पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत घेतलं. तळाशी पाण्याचे गोल थेंब वेगळे दिसत होते. बाउल खाली आल्यावर त्यात तपकिरी साका, कडेला पांढरी पूड. गॅस्केट फुगलेली, काळी पडलेली, एका कोपऱ्यात चिरलेली. किटमध्ये सर्वांत आधी येते ती गॅस्केटच. बिलात 280 रुपये लावलेलं ‘नवीन किट’ हे असं होतं.

पायलट जेट काढून त्यांनी तो उजेडाकडे धरून मला दाखवला. आरपार काहीच दिसत नव्हतं. मेन जेटमधून उजेडाचा स्वच्छ ठिपका दिसत होता. मी विचारलं, तार घालून टोचायचं का? ते जवळजवळ ओरडलेच. जेट पितळेचा असतो, स्टीलच्या तारेने भोक मोठं होतं, मग पेट्रोल जास्त जातं आणि प्लग काळा पडत राहतो. त्यांनी जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवला, तोवर बाउल पुसला, मग कॉम्प्रेसरची हवा मारली. उजेड दिसेपर्यंत हे दोनदा करावं लागलं.

नुसता जेट साफ करून भागत नाही, त्याच्या पुढची वाटही मोकळी व्हावी लागते. त्यासाठी पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा मिक्स्चरचा स्क्रू काढावा लागतो. काढण्याआधी त्यांनी तो हळूच पूर्ण आत फिरवला आणि किती फेऱ्यांत टेकतो ते मोजलं: पावणेदोन. हा आकडा लिहून ठेवायचा, म्हणजे परत बसवताना सुरुवात कुठून करायची ते कळतं. टेकल्यावर जोर द्यायचा नाही, नाहीतर सुईचं टोक चेपतं. स्क्रूबरोबर स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग येते. ती ओ-रिंग भोकातच अडकून राहते आणि निष्काळजी माणूस तिच्यावरच क्लीनर मारून ती सुजवतो. ती बाहेर काढल्यावर काकांनी भोकात क्लीनरचा फवारा मारला. थ्रॉटलच्या पाकळीजवळच्या बारीक भोकांतून तो बाहेर आला तेव्हाच त्यांनी मान डोलावली. डोळ्यांवर चष्मा होता. हा फवारा उलटा डोळ्यात उडतो, तेव्हा घरी करणाऱ्यांनी चष्मा विसरू नये.

जोडणी झाल्यावर लगेच ट्यूनिंग नाही. “गार इंजिनावर सेट केलं की गरम झाल्यावर सगळं चुकतं,” म्हणून मला दहा-बारा मिनिटं फिरवून आणायला लावली. मग आयडलिंगचा स्क्रू सैल करून काटा 1400 च्या आसपास आणला. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तेवढंच दिलं आहे. आता मिक्स्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायला सुरुवात. आत नेला तसा आवाज मंदावला, थरथरू लागला. बाहेर काढत आणला तसे आरपीएम वाढले, एका जागी सर्वांत जास्त झाले आणि आणखी बाहेर काढल्यावर पुन्हा जड पडले. सर्वांत जास्त जिथे झाले तिथे थांबायचं. ती जागा सव्वादोन फेऱ्यांवर आली. तिथे आरपीएम थोडे चढलेले असतात, ते आयडलिंगच्या स्क्रूने परत 1400 वर आणले.

इथे एक लक्षात ठेवा. माझ्या कार्बोरेटरात हा स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे, म्हणजे तो पेट्रोलचं प्रमाण ठरवतो आणि बाहेर काढला की मिश्रण जास्त पेट्रोलचं होतं. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा ठरवतो आणि सगळं उलटं होतं.

नंतर परीक्षा: रेस झटकन देऊन सोडली. काटा सरळ येऊन 1400 वर थांबला. तो वरच लटकून सावकाश उतरत असेल तर पेट्रोल कमी आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरते आहे. 1400 च्या खाली बुडी मारून मग वर येत असेल तर पेट्रोल जास्त आहे. आणि मिक्स्चरचा स्क्रू कितीही फिरवून आवाजात काडीचा फरक पडत नसेल, तर एक तर वाट अजून बुजलेली आहे किंवा आयडलिंग इतकं चढवलेलं आहे की इंजिन पायलटवर चालतच नाही. पहिल्या गॅरेजने माझी गाडी याच अवस्थेत दिली होती, त्यामुळे बिलातलं 150 रुपयांचं ‘ट्यूनिंग’ करणं शक्यच नव्हतं.

सगळंच कार्बोरेटरवर ढकलू नये हेही खरं. काकांनी कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबरी पाइप वाकवून चिरा आहेत का ते बघितलं, कारण तिथून हवा शिरली तरी हीच लक्षणं दिसतात. व्हॉल्व्हचं सेटिंग घट्ट झालं असेल तर गाडी गरम झाल्यावरच बंद पडते, तेव्हा कार्बोरेटर कितीही धुवा, उपयोग नाही. माझ्या गाडीत दोन्ही ठीक निघालं. काकांनी गॅस्केट-ओ-रिंगसह 450 घेतले आणि जुनी गॅस्केट न मागता पिशवीत घालून दिली.

(एक आपलं जाता जाता. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस6 गाड्यांपैकी बहुतेकांना कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. तरी माझ्या मेहुण्याच्या अशाच गाडीच्या बिलात ‘कार्ब क्लीनिंग’ छापून आलं होतं. विचारल्यावर ओळ खोडली, पैसे कमी केले.)

ती पिशवी, स्क्रूंचे उघडण्याआधीचे फोटो आणि बिल घेऊन मी पहिल्या गॅरेजात गेलो. मालक आधी म्हणाला पोराने केलं असेल, मग म्हणाला किट दुसऱ्या गाडीला लागलं असेल. आवाज चढवला नाही, फक्त फोटो शेजारी उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना दिसतील असा धरला. किटचे 280 आणि ट्यूनिंगचे 150 परत मिळाले. क्लीनिंगचे 350 द्यायला तो तयार झाला नाही, “बाहेरून स्प्रे मारला होता ना” म्हणाला. त्या बिलाच्या मागे ‘कार्बोरेटर उघडलेला नाही’ असं मी त्याच्याकडून लिहून सही घेतली आणि निघालो. आता गाडी कुठेही टाकली तरी आधी बाउलच्या स्क्रूंवर मार्करने आडवी रेघ मारतो आणि गरम इंजिनावर आरपीएमच्या काट्याचा फोटो काढतो.