क्रोम, मॅट की पीव्हीडी : नळ निवडण्याआधी त्याची सफाई समजून घ्या

नवा नळ घेताना रंग आणि घाट नीट पाहिला जातो. त्याच्यावर क्षाराचा पांढरा थर बसल्यावर तो कशाने काढायचा, हा प्रश्न मात्र बहुधा वर्षभराने, टॉयलेट क्लीनरची बाटली हातात आल्यावरच पडतो. ज्यांच्याकडे पाणी जड आहे, त्यांनी तो खरेदीपूर्वीच विचारावा. नळाचे अंग बहुतेक वेळा पितळेचे असते, आपण रोज पाहतो आणि घासतो तो मात्र त्यावरचा एक पातळ मुलामा, आणि क्षार काढण्याच्या नादात सर्वांत आधी जातो तोही तोच.

क्रोमच्या नळावर पितळेवर आधी निकेलचा थर देतात आणि त्यावर क्रोमियमचा. निकेल साधारण ८ ते २० मायक्रॉन असते, तर क्रोमियम जेमतेम ०.२ ते ०.५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके. हा थर कठीण असतो आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर एक अदृश्य संरक्षक पटलही असते. म्हणूनच क्रोमचे नळ अनेक वर्षे चकचकीत राहतात. परंतु टॉयलेट क्लीनर आणि फरशीचे डाग काढणाऱ्या अनेक द्रावणांत असणारे हायड्रोक्लोरिक आम्ल हे पटल फोडून थेट क्रोमियमच विरघळवते. मुलामा देणाऱ्या कारखान्यांत बिघडलेला क्रोमचा थर उतरवण्यासाठी हेच आम्ल वापरतात, इतके सांगितले तरी पुरे. ब्लीचमधले क्लोरीनही असेच घातक ठरते, कारण ते क्रोममधल्या सूक्ष्म छिद्रांतून निकेलपर्यंत पोहोचते आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडते.

घासण्याच्या पावडरीचे नुकसान वेगळ्या मार्गाने होते. तिच्यात वाळूसारखे स्फटिक कण असतील, तर त्यांचा कठीणपणा क्रोमच्या जवळपास जातो, आणि इतक्या पातळ थरावर दर आठवड्याला असे कण फिरवले की तो कडांवर आणि उंचवट्यांवर झिजतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : क्रोमची झाक किंचित निळसर असते, तर खालचे निकेल पिवळसर दिसते. मुठीच्या कडेला अशी पिवळट पट्टी दिसली तर तो डाग समजून आणखी घासू नये. तिथला क्रोम संपलेला असतो. त्याच जागी हिरवट बुरशीसारखे काही आले, तर पाणी पितळेपर्यंत पोहोचले आहे.

मॅट काळ्या नळाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बाजारातले पुष्कळ मॅट नळ पावडर कोटिंगचे किंवा विद्युतप्रक्रियेने बसवलेल्या रंगाचे असतात. म्हणजे वरचा थर धातूचा नसून पॉलिमरचा असतो. तो क्रोमपेक्षा कितीतरी पट जाड असतो आणि म्हणून टिकाऊ वाटतो, पण तो पुष्कळ मऊ असतो. शिवाय त्याचा मॅटपणा हा मुळात पृष्ठभागाचा खडबडीतपणा आहे : सूक्ष्म उंचसखलपणामुळे प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि चमक दिसत नाही. पावडर किंवा हिरवी घासणी फिरवली की हे उंचवटे सपाट होतात आणि त्या जागी तुळतुळीत ठिपका उमटतो. क्रोमवरच्या ओरखड्यांना पॉलिशने थोडे झाकता येते. मॅटवरची ही चमक घालवण्याचा घरगुती उपाय नाही.

आम्लाचे काय होते, ते माझ्या वॉश बेसिनच्या काळ्या नळावर मी जवळून पाहिले आहे. बुडाशी क्षाराची पांढरी कड बसली होती, म्हणून व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके रात्रभर गुंडाळून ठेवले. सकाळी क्षार गेला होता. पण जिथे नळ बेसिनला टेकतो त्या कडेला मुगाच्या दाण्याएवढे दोन फोड आले होते, आणि नख लागताच त्यांतला एक पापुद्रा निघून खालचा करडा धातू उघडा पडला. आम्लाने रंग विरघळला नव्हता. ते कडेच्या बारीक फटीतून रंगाखाली शिरले होते, तिथे धातूवर प्रक्रिया झाली आणि रंगाची पकड सुटली. कोटिंग नेहमी अशा कडांपासूनच का उलते, हे मला तेव्हा समजले. अनेक उत्पादकांच्या देखभालपत्रकांत टाळायच्या आम्लांत हायड्रोक्लोरिकच्या बरोबरीने व्हिनेगरमधल्या अॅसिटिक आम्लाचेही नाव असते, ते मी नंतर वाचले.

तिसरा प्रकार पीव्हीडीचा. यात निर्वात कक्षात झिर्कोनियमसारख्या धातूच्या संयुगाचा थर चढवतात. सोनेरी, तांबूस आणि काळसर करडे नळ बहुधा या पद्धतीचे असतात. हा थर क्रोमपेक्षाही कठीण असल्यामुळे घासणीला सहजासहजी दाद देत नाही, परंतु जाडीने तो क्रोमइतकाच पातळ असतो आणि त्याच्या खाली निकेल व क्रोमच असतात, त्यामुळे सूक्ष्म छिद्रांतून आम्ल आत जाण्याचा धोका तिथेही संपत नाही. ‘पीव्हीडी’ हा शब्द खोक्यावर किंवा पत्रकावर लिहिलेला नसेल, तर सोनेरी नळावर केवळ पारदर्शक लॅकर असण्याची शक्यता धरावी; लॅकरला तर स्पिरिट आणि अॅसिटोनही चालत नाही.

आता क्षार बसलाच असेल तर काय करावे? क्रोमसाठी २०० मिलिलिटर कोमट पाण्यात एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, सायट्रिक आम्ल विरघळवावे, त्यात मऊ कापड भिजवून फक्त क्षाराच्या जागी ठेवावे आणि ५ मिनिटांत काढावे. बारीक बुडबुडे दिसतात ते क्षारातला कॅल्शियम कार्बोनेट विरघळत असल्याचे. त्यानंतर भरपूर पाण्याने धुऊन कोरडे करावे. थर उरला तर वेळ वाढवण्याऐवजी हीच कृती दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. पीव्हीडीवर हेच द्रावण चालते, पण मी ते २ मिनिटांपलीकडे ठेवत नाही. रंगाच्या मॅट नळावर मात्र भांड्यांच्या सौम्य द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब घातलेले कोमट पाणी आणि ओले फडके यांवरच थांबावे. ओलाव्याने क्षार मऊ होईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि जुना, दगडासारखा झालेला थर पूर्ण निघेलच असे नाही. कोणतेही द्रावण नळावर थेट फवारू नये. ते फटींत उतरते. कापडावर घ्यावे. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

तोटीच्या तोंडाशी आम्लाची पिशवी बांधून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो तिन्ही प्रकारांत चुकीचा आहे, कारण मुलाम्याची कड नेमकी तिथेच संपते. त्याऐवजी तोंडाची जाळी फिरवून काढावी, तिच्या आतला प्लास्टिकचा भाग वेगळा करून तेवढाच द्रावणात बुडवावा.

म्हणून पाणी जड असेल आणि घरात नळ पुसणारे हात अनेक असतील, तर मी क्रोमच सुचवीन : चूक झाली तरी ती सौम्य असते आणि डाग दिसताच उपाय करता येतो. वेगळा रंग हवा असेल, तर खोक्यावर पीव्हीडी लिहिलेला नळ पाहावा. रंगाचा मॅट काळा नळ ज्यांना मनापासून आवडतो, त्यांनी तो घ्यावा, मात्र बेसिनच्या शेजारी एक कोरडे मायक्रोफायबर कापड टांगावे आणि शेवटचा वापर झाल्यावर नळाचे बूड व तोंड पुसावे. थेंब वाळले नाहीत तर क्षार बसत नाही, आणि आम्लाची वेळच येत नाही.