अंड्याची पावडर आणि द्रव अंडे: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची बेकरी लहान आहे. रोज साधारण दहा ट्रे, म्हणजे तीनशे अंडी लागतात, आणि त्यावर आठवड्यातून एकदोनदा नाश्त्याच्या केटरिंगच्या ऑर्डरी असतात. गेल्या उन्हाळ्यात एका पेटीतील सातही ट्रेंमध्ये तडा गेलेली अंडी निघाली. फोडताना त्यातले एक खराब अंडे चाळीस अंड्यांच्या घाण्यात पडले आणि तो सगळा घाणा ओतून द्यावा लागला. त्यानंतर मी पूर्ण अंड्याची पावडर, पांढऱ्या भागाची पावडर आणि पाश्चराइज केलेले द्रव अंडे असे तिन्ही प्रकार मागवले आणि दहा महिने वापरून पाहिले. काही कामांत ते कायमचे बसले, तर काही कामांतून मी ते काढून टाकले.

प्रथम हिशेब. ट्रेमधले मध्यम अंडे ५५ ग्रॅमच्या आसपास भरते आणि कवच वजा केले की ४८ ते ५० ग्रॅम उरते. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. वाळवताना हेच पाणी काढलेले असते, म्हणून पूर्ण अंड्याच्या पावडरीला वजनाच्या तिप्पट पाणी द्यायचे: साडेबारा ग्रॅम पावडर आणि साडेसदतीस ग्रॅम पाणी मिळून एक अंडे. एक किलो पावडर म्हणजे ८० अंडी. परवडते की नाही हे पाहायचे असेल तर पावडरीच्या किलोच्या दराला ८० ने भागावे आणि आलेला आकडा त्या दिवशीच्या अंड्याच्या दराशी ताडून पाहावा. आमच्याकडे हिवाळ्यात अंडी महागतात तेव्हा पावडर सोयीची पडते, आणि श्रावणात दर उतरले की ट्रेच स्वस्त पडतात.

या हिशेबात 'वजनाच्या' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो मला एका संपूर्ण घाण्याची किंमत मोजून समजला. पहिल्या आठवड्यात मी आमच्या वस्तादांना "एकास तीन" एवढेच सांगितले होते. त्यांनी नेहमीच्या सवयीने वाटी घेतली: एक वाटी पावडर, तीन वाट्या पाणी. पावडर हलकी असते. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत ती जेमतेम ६५ ग्रॅम बसते, पाणी मात्र प्रत्येक वाटीत पूर्ण १५० ग्रॅम भरते. म्हणजे ६५ ग्रॅम पावडरीला ४५० ग्रॅम पाणी गेले आणि अंडे हवे त्याच्या निम्म्याने पातळ झाले. कपकेक ओव्हनमध्ये छान फुगले, बाहेर काढताच मध्ये बसले, आणि कापल्यावर तळाशी चिकट, ओलसर थर दिसला. वस्तादांचे म्हणणे होते की पावडरच वाईट आहे. दुसऱ्या दिवशी तीच पावडर काट्यावर मोजून केली तेव्हा कपकेक नीट झाले आणि वस्तादांनी पुढे काही म्हटले नाही. ओळखायची खूण सोपी आहे. नीट भिजलेले अंडे चमच्याच्या पाठीवर पातळ साय धरल्यासारखे थांबते, आणि पाणी जास्त झालेले अंडे दुधासारखे घसरून जाते.

भिजवण्याची पद्धतही आम्ही तीनदा बदलली. कोरड्या पावडरीवर पाणी ओतले तर बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या राहिलेल्या गुठळ्या बनतात, आणि त्या बीटरनेही फुटत नाहीत. आता आम्ही सगळे पाणी आधी काट्यावर मोजतो, त्यातले पावडरीइतकेच पाणी रुंद भांड्यात घेतो, पावडर चाळून त्यावर पसरवतो आणि हाताच्या व्हिस्कने गुळगुळीत लेप करतो. मग उरलेले पाणी दोन-तीन वेळा घालत सैल करतो. पाणी कोमट असावे, बोटाला जेमतेम ऊब लागेल इतकेच. साठ अंशांच्या पुढचे पाणी पावडरीतील प्रथिने शिजवू लागते आणि मग कितीही ढवळले तरी कण राहतात. यंत्राचा बीटर या टप्प्यावर नको, कारण वरती फेस येतो आणि त्याखाली न भिजलेली पावडर लपून राहते. शेवटी झाकून वीस-तीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवायचे आणि गाळून वापरायचे. ही विश्रांती अनेकांना वेळेचा अपव्यय वाटते, पण कण आतपर्यंत पाणी पितो तो याच वेळेत.

मावा केक, कपकेक आणि बिस्किटांसाठी तर एवढाही खटाटोप लागत नाही. दहा अंड्यांच्या मावा केकला आम्ही १२५ ग्रॅम पावडर थेट मैद्याबरोबर दोनदा चाळतो आणि ३७५ ग्रॅम पाणी दुधात मिसळून टप्प्याटप्प्याने घालतो. मिश्रण सुरुवातीला नेहमीपेक्षा घट्ट दिसते, कारण मैदा आणि पावडर दोघेही तेच पाणी ओढत असतात. तेव्हा घाईने दूध वाढवू नये. दहा मिनिटांनी ते आपोआप सैल होते. या केकमध्ये ताज्या अंड्यांचा आणि पावडरीचा फरक माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना आजवर कळलेला नाही.

स्पंज मात्र वेगळा विषय आहे आणि पावडरीबद्दलची माझी मुख्य तक्रार इथेच आहे. स्पंज उभा राहतो तो अंड्याच्या फेसावर. वाळवताना पिवळ्या बलकातील स्निग्ध पदार्थाची बांधणी विस्कटते आणि काही स्निग्धांश मोकळा होतो. मोकळा स्निग्धांश फेसाचा वैरी असल्यामुळे हवा भरते पण टिकत नाही. आमचा घाणा एक किलो अंडे, सहाशे ग्रॅम साखर आणि सहाशे ग्रॅम मैदा असा असतो. ताज्या अंड्यांचे तयार मिश्रण दोनशे मिलिलिटरच्या स्टीलच्या पेल्यात काठोकाठ भरून तोलले तर ते शंभर ग्रॅमच्या आसपास येते. अडीचशे ग्रॅम पावडर आणि साडेसातशे ग्रॅम पाण्यातून केलेले मिश्रण, बारा मिनिटे जास्त फेटूनही, १३० ग्रॅम भरले. म्हणजे त्यात तेवढी हवा कमी होती, आणि केकही त्याच मानाने बुटका झाला. भिजवलेले अंडे साखरेसह गरम पाण्याच्या भांड्यावर चाळीस-बेचाळीस अंशांपर्यंत कोमट करून फेटले तर वजन थोडे उतरते, आणि केक जेल घातली तर ते ताज्या अंड्यांच्या जवळ येते. पण जेलचा स्पंज मला तोंडात थोडा रबरी लागतो. शेवटी मी अर्धे-अर्धे धोरण धरले: दहा ताजी अंडी आणि उरलेल्या दहांसाठी १२५ ग्रॅम पावडर व ३७५ ग्रॅम पाणी. वाढदिवसाच्या केकच्या थरांना हे चालते. नुसत्या पावडरीवरचा स्पंज मी आता करत नाही.

पांढऱ्या भागाची पावडर याच्या अगदी उलट निघाली. तिच्यात स्निग्धांश जवळजवळ नसतो, त्यामुळे फेस उत्तम येतो. तिचे प्रमाण वेगळे आहे, कारण पांढऱ्या भागात पाणीच जास्त असते: एकास सात, म्हणजे चार ग्रॅम पावडर आणि २८ ग्रॅम पाणी मिळून एका अंड्याचा पांढरा भाग. गुठळ्या टाळण्यासाठी मी पाककृतीतील साखरेचा एक हिस्सा आधी कोरड्या पावडरीत मिसळते. साखरेचे दाणे पावडरीचे कण एकमेकांपासून दूर ठेवतात आणि पाणी सगळीकडे पोहोचते. हे मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले तर सकाळचा मेरँग आणि रॉयल आयसिंग दोन्ही ताज्या अंड्यापेक्षा भरवशाचे होतात. रॉयल आयसिंग भाजले जात नाही, म्हणून तिथे उष्णतेची प्रक्रिया झालेला पांढरा भाग वापरणे मला कच्च्या अंड्यापेक्षा सुरक्षितही वाटते. खरेदी करताना फेस येणारी आणि घट्ट जमणारी असे दोन प्रकार असतात, ते विचारून घ्यावेत. आमच्याकडे पहिल्यांदा चुकून दुसरा प्रकार आला आणि अर्धा तास बीटर फिरवूनही भांड्यात नुसते गढूळ पाणी राहिले.

द्रव अंड्याला भिजवणे नाही. एक किलोची पिशवी म्हणजे वीस अंडी, उघडण्यापूर्वी नीट हलवायची, एवढेच. शंभर माणसांच्या नाश्त्याला माणशी दोन अंडी धरली तर दहा पिशव्या कापून भुर्जीला सुरुवात करता येते, आणि दोनशे अंडी फोडणाऱ्या दोन माणसांचा पाऊण तास वाचतो. भुर्जी आणि ऑम्लेटला मी पावडर कधीच वापरत नाही, कारण तिथे अंड्याची चव उघडी असते आणि पावडरीचा किंचित शिजका वास लपत नाही. द्रव अंड्याची अडचण थंडाव्याची आहे. पाश्चराइज करताना ते साठ अंशांच्या आसपास काही मिनिटे तापवलेले असते. याहून फार वर गेले तर ते शिजेल. त्यामुळे ते निर्जंतुक नसते, फक्त त्यातले धोकादायक जंतू मारलेले असतात. शून्य ते चार अंशांत ठेवायचे आणि उघडलेली पिशवी दोन-तीन दिवसांत संपवायची. गोठवलेला माल घेतला तर आदल्या दिवशीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवावा. एकदा घाईत आम्ही पिशवी गरम पाण्यात बुडवली, तर कडेला पांढरे शिजलेले पापुद्रे आणि मध्ये बर्फाचा गोळा अशी अवस्था झाली. गोठवलेला पिवळा बलक घेणाऱ्यांनी लेबल वाचावे. तो घट्ट होऊ नये म्हणून त्यात बऱ्याचदा दहा टक्के साखर किंवा मीठ घातलेले असते. साखरेचा असेल तर एक किलोमागे शंभर ग्रॅम साखर कस्टर्डच्या मापातून वजा करावी लागते, आणि मिठाचा निघाला तर कस्टर्डसाठी तो परतच करावा.

पावडर कोरडी असेपर्यंत टिकते, पण पाणी घातल्याक्षणी ती फोडलेल्या अंड्याइतकीच नाशवंत होते. आम्ही त्या सत्रापुरतीच भिजवतो आणि उरलेली ठेवत नाही. पावसाळ्यात पिशवीचे तोंड नुसते दुमडून ठेवले होते, तर तीन आठवड्यांत पावडर ओलावा धरून दगडासारखी झाली, रंग तांबूस झाला आणि जुन्या तेलासारखा वास येऊ लागला. फोडून चाळता आली असती, पण तो वास केकमध्ये उतरतो, म्हणून टाकून दिली. आता माल आला की अर्ध्या किलोच्या हवाबंद डब्यांत भरून अंधाऱ्या, थंड जागी ठेवतो, आणि एका वेळी एकच डबा उघडतो.

काउंटरवर आजही विचारणा होते की पावडरीचा केक म्हणजे बिनअंड्याचा ना. पावडर अंड्याचीच असल्यामुळे त्या खोक्यांवर आम्ही मांसाहाराची तपकिरी त्रिकोणाची खूण लावतो आणि त्याशेजारी "अंडे आहे" असे छापतो. बिनअंड्याच्या केकची भांडी, चाळणी आणि व्हिस्क वेगळीच ठेवली आहेत, कारण ही पावडर चाळताना हवेत उडते आणि शेजारच्या ओट्यावर बसते.