एफआयआर घ्यायचा की आयआयआर? ईसीजीच्या बेसलाइनवर लावून बघू

डिजिटल फिल्टर एफआयआर घेऊ की आयआयआर, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, लिनिअर फेज पाहिजे तर एफआयआर आणि कमी ऑर्डरमध्ये काम उरकायचं तर आयआयआर. उत्तर चुकीचं नाहीये, पण त्याच्यावरून ठरवता काहीच येत नाही, कारण लिनिअर फेजची किंमत किती आणि ती कशात मोजायची हे त्यात कुठे येतच नाही. म्हणून एकच केस घेऊ आणि दोन्ही फिल्टर तिच्यावर लावून बघू. ईसीजी, सॅम्पलिंग ५०० हर्ट्झ, आणि काम असं की पेशंटच्या श्वासाबरोबर खालीवर हेलकावणारी बेसलाइन सरळ करायची.

श्वास मिनिटाला १५ धरला तर ही हेलकावणी ०.२५ हर्ट्झला येते. हृदयाचे ठोके मिनिटाला ६० असतील तर ईसीजीची सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी १ हर्ट्झ, आणि ४० ठोके असतील तर ०.६७. म्हणजे ०.२५ ला बऱ्यापैकी कापायचं, समजा २५ डीबी, आणि ०.६७ च्या वर हात लावायचा नाही. मधली जागा फक्त ०.४२ हर्ट्झची आणि सगळा खर्च ह्या चिंचोळ्या जागेमुळे होतो.

एफआयआरचे टॅप किती लागतील त्याचा एक ढोबळ हिशोब आहे, डीबी भागिले २२, आणि मग त्याला भागायचं ट्रान्झिशनची रुंदी भागिले सॅम्पलिंग ह्यानं. इथे ०.४२ भागिले ५०० म्हणजे ०.०००८४, त्यामुळे टॅप साधारण १३५३ येतात. आकडा बघून बरेच जण इथेच कानाला खडा लावतात, आणि माझ्या मते चुकीच्या कारणासाठी लावतात. १३५३ गुणिले ५०० म्हणजे एका चॅनेलला सेकंदाला पावणेसात लाख गुणाकार-बेरजा, आजच्या साध्या कॉर्टेक्स-एम४ ला ह्याचं काही वाटत नाही. बारा लीडच्या मशीनमध्ये खरे स्वतंत्र चॅनेल आठ असतात, त्यांची मिळून मेमरी ४३ केबीच्या आसपास जाते, ती थोडी टोचते, पण त्यालाही वाट आहे. सिग्नलचं सॅम्पलिंग २५ हर्ट्झपर्यंत खाली आणायचं, तिथे फक्त बेसलाइनचा अंदाज काढायचा, म्हणजे लो-पास, तो परत ५०० ला न्यायचा आणि मूळ सिग्नल तेवढाच थांबवून त्यातून वजा करायचा. २५ हर्ट्झवर तोच फिल्टर ६८ टॅपमध्ये बसतो.

पण एक गोष्ट कमी होत नाही, डिले. लिनिअर फेज एफआयआरचा डिले त्याच्या लांबीच्या निम्मा, १३५३ टॅपला ६७६ सॅम्पल, म्हणजे १.३५ सेकंद. २५ हर्ट्झवर ६८ टॅप केले तरी तेवढाच, कारण डिले टॅपच्या संख्येवर नाही, ट्रान्झिशन किती अरुंद मागितलाय त्याच्यावर ठरतो. प्रोसेसर कितीही भारी घ्या, हा आकडा हलत नाही. एफआयआरवाल्यांच्या चर्चेत टॅप टॅप चाललेलं असतं आणि ज्यावर खरं घोडं अडतं तो हा डिले बाजूलाच राहतो.

आता आयआयआर. दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ हाय-पास, कटऑफ ०.५ हर्ट्झ, एका सॅम्पलला पाच गुणाकार, थांबणं नाही. ०.२५ ला हा साधारण १२ डीबी कापतो, म्हणजे मागितल्याच्या निम्मंच, पण स्क्रीनवर बेसलाइन बऱ्यापैकी जागेवर येते. मग अडचण काय, तर फेज. १ हर्ट्झचा घटक हा फिल्टर ४३ अंश पुढे ढकलतो, वेळात सांगायचं तर १२० मिलिसेकंद. ५ हर्ट्झचा घटक ८ अंश म्हणजे जेमतेम साडेचार मिलिसेकंद सरकतो. ईसीजीचा एकेक ठोका हे सगळे घटक एका वेळी जुळून आल्यामुळेच तसा दिसतो, त्यातला खालचा घटक एवढा पुढे गेला की ठोक्याचं उंच टोक, म्हणजे क्यूआरएस, संपल्यावर लाइन शून्यावर न येता खाली जाते आणि हळूहळू वर चढते. नेमका तिथेच एसटी सेगमेंट असतो. डॉक्टर तिथे एक मिलिमीटरचा, म्हणजे ०.१ मिलिव्होल्टचा फरक शोधत असतात, आणि तुमचा फिल्टर धडधाकट माणसाच्या ईसीजीत एसटी खाली गेलेला दाखवतो.

म्हणूनच निदानाच्या ईसीजीला खालचा कटऑफ ०.०५ हर्ट्झ ठेवा अशी अमेरिकन हार्ट असोसिएशनची शिफारस आहे, आणि फेज बिघडवत नसलेला डिजिटल फिल्टर असेल तर तो ०.६७ पर्यंत वर न्यायची मुभा आहे. ०.०५ ला तोच बटरवर्थ १ हर्ट्झला ४ अंशच सरकवतो, पण मग श्वासाची हेलकावणी जशीच्या तशी राहते. मशीनवर मॉनिटर मोड आणि डायग्नोस्टिक मोड असे दोन असतात ते ह्याच भांडणातून आलेत. मॉनिटरवर ताल बघायचा असतो, तिथे लाइन स्क्रीनबाहेर जायला नको, म्हणून अर्ध्या हर्ट्झच्या आसपासचा आयआयआर चालतो, फक्त त्या स्क्रीनवरून एसटीचं काही बोलायचं नाही.

मग निवडायचं कसं? माझ्या मते पहिला प्रश्न हा की सिग्नल आत्ता येतोय की आधीच साठवलेला आहे. आत्ता येतोय आणि त्याच्यावरून काही लगेच करायचंय, उदाहरणार्थ शॉक आर वेव्हशी जुळवून द्यायचाय, तर १.३५ सेकंद उशीर म्हणजे एक अख्खा ठोका मागे, तिथे एफआयआरचा विचारच सोडा. साठवलेला असेल तर मात्र गंमत अशी की तिथेही बऱ्याचदा एफआयआर हरतो. छापायचा ईसीजी साधारण १० सेकंदांचा असतो, त्यात २.७ सेकंद लांबीचा फिल्टर लावला की दोन्ही टोकांची मिळून तेवढीच पट्टी भरवशाची राहत नाही, उरतात ७.३ सेकंद. त्यापेक्षा तोच दुसऱ्या ऑर्डरचा आयआयआर एकदा पुढून आणि एकदा उलटा मागून फिरवा. दोन्ही वेळचा फेज एकमेकांना मारून शून्य होतो, कापणं डीबीत दुप्पट होतं, म्हणजे ०.२५ ला साधारण २५ डीबी, जे आपण मागितलं होतं तेच.

```python
from scipy.signal import butter, sosfiltfilt
sos = butter(2, 0.5, btype="highpass", fs=500, output="sos")
y = sosfiltfilt(sos, x, padlen=1000)
```

`padlen` मुद्दाम लिहिलाय. न लिहिता सोडला तर ह्या फिल्टरला फक्त ९ सॅम्पलची गादी मिळते, १८ मिलिसेकंद, आणि ह्या फिल्टरला शांत व्हायला दोनेक सेकंद लागतात, त्यामुळे पट्टीच्या सुरुवातीला आणि शेवटी बेसलाइन वाकलेली दिसते आणि लोक इलेक्ट्रोडला दोष देतात. अजून एक, कटऑफ ०.५ लिहिला तरी दोनदा फिरवल्यावर ३ डीबीचा बिंदू ०.६२ ला जातो, ०.६७ च्या आत आहे म्हणून चालतंय, पण ०.६ लिहिला असता तर बाहेर गेला असता.

आता स्टॅबिलिटी. आयआयआर बिथरू शकतो हे सगळे ऐकून असतात पण कसा ते बघितलेलं नसतं, म्हणून हाच फिल्टर १६ बिटच्या फिक्स्ड पॉइंटमध्ये टाकून बघू. मूळ कोएफिशिएंट हे:

```
b = [ 0.99556697, -1.99113394, 0.99556697 ]
a = [ 1, -1.99111429, 0.99115360 ]
```

दोनपर्यंतचे आकडे बसवायचे म्हणून १६३८४ ने गुणून जवळचा पूर्णांक घेतला, आणि बेरीज करून बघितली:

```
b : 16311 - 32623 + 16311 = -1
a : 16384 - 32622 + 16239 = +1
```

हाय-पासमध्ये b ची बेरीज शून्य यायला हवी, तेव्हाच डीसी कापला जातो. इथे डीसीचा गेन उणे एक भागिले एक, म्हणजे चक्क उणे एक. इलेक्ट्रोडचा ऑफसेट ३०० मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो आणि ईसीजी असतो एखाद मिलिव्होल्टचा, तो सगळा ऑफसेट उलटा होऊन तुमच्या आउटपुटला येणार, आणि फिल्टर कागदावर हाय-पासच! आता जवळचा पूर्णांक न घेता कुणी `floor` वापरला तर -३२६२२ चा -३२६२३ होतो, a ची बेरीज बरोब्बर शून्य, पोल थेट वर्तुळावर जाऊन बसतो. मग स्थिर ऑफसेटवर आउटपुट एका दिशेला चढतच राहतं आणि टोकाला जाऊन चिकटतं. एका एककाचा फरक, बाकी कोड तोच.

उपाय सोपे आहेत. गेन बाहेर काढून b थेट 1, -2, 1 ठेवा, म्हणजे बेरीज शून्यच राहते, आणि a ला १६ बिट देऊ नका, ३२ बिट किंवा फ्लोट द्या. फ्लोटमध्येही डायरेक्ट फॉर्म २ नको, त्याच्या आतल्या स्टेटला डीसीसाठी २५ हजार पट गेन असतो आणि मोठ्या आकड्यात लहान ईसीजी बुडतो, ट्रान्सपोज्ड फॉर्म घ्या. सीएमएसआयएस-डीएसपीची बायक्वाड फंक्शनं वापरत असाल तर तिथे a ची चिन्हं उलटी द्यावी लागतात. विसरलात तर लगेच कळतं, आउटपुट दर सॅम्पलला चिन्ह बदलत साधारण २.४ पटीनं फुगतं.

एफआयआरमध्ये ही भानगड नाही, फीडबॅकच नाहीये. कोएफिशिएंट गोल केले तरी सिमेट्री टिकते, फेज सरळच राहतो, फार तर कापणं थोडं कमी होतं. फक्त हाय-पास करताना टॅप विषम ठेवा, समसंख्येच्या सिमेट्रिक फिल्टरला सॅम्पलिंगच्या निम्म्यावर सक्तीचा शून्य असतो, तो हाय-पास होऊच शकत नाही.

आणि ह्याच मशीनमध्ये वरच्या टोकाला, १५० हर्ट्झच्या लो-पासला, एवढं काही करायची गरज नाही. १५० ते २०० अशी ५० हर्ट्झची ऐसपैस जागा आहे, ४० डीबीला तोच हिशोब १८-१९ टॅप सांगतो, डिले १८ मिलिसेकंद. तिथे डोळे मिटून एफआयआर घ्या, क्यूआरएसचा आकार जसाच्या तसा राहतो आणि पोल कुठे बसलाय ते तपासत बसावं लागत नाही.