झील-नील्सन की ऑरामिन?

स्लाइडवर टीबीचे जंतू रंगवून बघायला कोणती पद्धत घ्यावी, हा लॅब थाटणाऱ्या एका मित्राचा प्रश्न. दोन्हींतले रंग टीबीच्या जंतूच्या मेणचट भिंतीतल्या मायकोलिक आम्लाला धरतात आणि मग आम्लाने धुतलं तरी सुटत नाहीत.

झील-नील्सनमध्ये स्लाइडवर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत तापवायचं (उकळलं की बिघडलं), मग 25 टक्के सल्फ्युरिक आम्ल, शेवटी मिथिलीन ब्लू. निळ्यावर लाल काड्या दिसतात. साधा मायक्रोस्कोप पुरतो, स्लाइडही टिकते. पण ऑइल लेन्सखाली 100 फील्ड बघताना डोळे शिणतात.

ऑरामिनला तापवणं नाही. लहान लेन्सखालीच पिवळे जंतू चमकतात, वाचन झटपट होतं आणि थोडे जंतू असले तरी सहसा निसटत नाहीत. मात्र फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप हवाच. चमक उतरते, म्हणून स्लाइड अंधारात ठेवून त्याच दिवशी वाचावी.

मेलेला जंतूही दोन्हींत रंगतो, म्हणून पॉझिटिव्ह स्लाइड म्हणजे जंतू जिवंतच असं नाही. उलट औषधं सुरू करून दोन महिन्यांनी स्लाइड निगेटिव्ह आली तरी सुस्त पडलेले थोडे जंतू उरलेले असू शकतात. औषधं वाढत्या जंतूंना लवकर मारतात, या सुस्तांना फार हळू. नेहमीचा कोर्स सहा महिने चालतो तो यामुळेच. स्लाइड बघून गोळ्या थांबवू नयेत.

दिवसाला चार-पाच नमुने असतील तर झील-नील्सन घ्या. ढीग लागत असेल तर ऑरामिनच.