ठरावीक लांबीचे तुकडे की कलमवार तुकडे?

कामगारांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या एआय सहायकासाठी सातपूरच्या एखाद्या कारखान्याचे रजा-धोरण व्हेक्टर स्टोअरमध्ये, म्हणजे अर्थाच्या जवळिकीवरून मजकूर शोधणाऱ्या साठ्यात, भरताना दर 500 टोकनला मजकूर कापणे सोपे असते. परंतु ‘शिल्लक अर्जित रजा पुढील वर्षी नेता येईल’ हा नियम एका तुकड्यात आणि ‘परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना हे लागू नाही’ हा अपवाद पुढच्या तुकड्यात गेला, तर अपवादाच्या तुकड्यात रजेचा उल्लेखच नसल्याने त्याचे एम्बेडिंग, म्हणजे अर्थ दर्शवणारी आकड्यांची यादी, प्रश्नापासून दूर पडते, तो तुकडा शोधात वर येत नाही आणि नव्या कामगाराला चुकीचे उत्तर ठामपणे मिळते. उत्तर वाचून ही चूक कळत नाही. शोधात कोणते तुकडे वर आले, तेच तपासावे लागते. कलमवार कापून प्रत्येक तुकड्याआधी प्रकरणाचे शीर्षक जोडल्यास नियम व अपवाद एकत्र राहतात, म्हणून मी हाच मार्ग निवडेन. मात्र स्कॅन केलेल्या जुन्या परिपत्रकांत कलमांचे क्रमांक नीट ओळखले जात नसतील, तर ठरावीक लांबीचे, थोडा मजकूर सामाईक ठेवणारे तुकडेच वापरावे लागतात.