टूडी स्कॅनर मेडिकलवर वापरतोय, बॅच नंबरचं तेवढं नीट बघून घ्या

अमळनेरला आमचं मेडिकल आहे, दिवाळीच्या आधीपासून हा यूएसबीवाला टूडी स्कॅनर काउंटरवर आहे. वाचतो एकदम भारी, खोक्यावरचा बारीक चौकोनी कोड जरा खरडलेला असला तरी घेतो, त्याबद्दल तक्रार नाही. खरी गोष्ट पुढे आहे भो, तो जे टाईप करून देतो त्यात. नमुना म्हणून हे बघा:

```
01089012345678901727090010B4521217KX093
```

सुरुवातीचं 01 म्हणजे पुढचे १४ आकडे मालाचा नंबर. मग 17 म्हणजे एक्स्पायरी, 270900, वर्ष-महिना-दिवस, म्हणजे सप्टेंबर २०२७, आणि दिवस 00 असला की महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. हे दोन्ही ठरलेल्या लांबीचे असतात म्हणून डोळ्यानेही तोडता येतात. मग 10 म्हणजे बॅच, आणि बॅचची लांबी ठरलेली नसते, २० अक्षरांपर्यंत कितीही. त्यानंतर 21 म्हणजे सिरीयल नंबर.

आता वरची ओळ परत बघा, बॅच B4521 की B45? 21 दोनदा येतंय, दोन्हीकडे तोडलं तरी बरोबर वाटतं. कोडमध्ये बॅच संपली की एक न दिसणारी खूण असते, तिला जीएस म्हणतात, पण स्कॅनर कीबोर्डसारखा टाईप करतो तेव्हा बरेचदा ती खूण गळून जाते आणि सगळं चिकटून येतं. आमचा एक्स्पायरीचा माल जळगावच्या स्टॉकिस्टकडून याच कारणाने परत आला, दादा म्हणे "ही बॅच आमच्या बिलात नाहीच", कारण सॉफ्टवेअरने पहिल्याच 21 वर तोडलेलं.

उपाय सोपा आहे, मॅन्युअलमध्ये जीएसच्या जागी दिसणारं अक्षर टाकायचा सेटिंग कोड असतो, तो एकदा स्कॅन केला की असं येतं:

```
01089012345678901727090010B4521|217KX093
```

अजून एक सेटिंग चालू करा, त्याने ओळीच्या सुरुवातीला `]d2` लागतं, म्हणजे हा चौकोनी कोड जीएस-वन या बारकोड संस्थेच्या नियमांचा डेटामॅट्रिक्स आहे हे कळतं. ते नसेल तर वरचे नियम लावूच नका, कारण काही कंपन्यांच्या क्यूआरमधून नुसती वेबसाईटची लिंक येते, आणि साध्या आडव्या बारकोडमध्ये मालाचा १३ आकडी नंबरच असतो, बॅच नाही की एक्स्पायरी नाही.

एक्सेलमध्ये पेस्ट करत असाल तर कॉलम आधीच टेक्स्ट करून घ्या, वरची सेटिंग चालू नसताना बॅच आणि सिरीयल दोन्ही नुसत्या आकड्यांचे असले की पूर्ण ओळ आकडाच धरली जाते, सुरुवातीचं शून्य उडतं आणि १५ आकड्यांनंतर सगळी शून्यं होतात, ते मग परत मिळत नाही.

घेताना दुकानातच एखादं औषधाचं खोकं नोटपॅडमध्ये स्कॅन करून बघा, ती खूण दाखवायचं सेटिंग त्या मॉडेलला नसेल तर मेडिकलसाठी घेऊ नका, स्वस्त असला तरी.