अल्फा की बीटा? फोटो काढला की फॉर्म गायब!

अल्फा टेस्टिंग म्हणजे ॲप तपासायला घरातलीच माणसं, टीममधले नाहीतर ऑफिसातले, ॲप अर्धवट असतं, बग दिसला की थेट डेव्हलपरच्या खुर्चीमागे जाऊन दाखवायचा. बीटा टेस्टिंगमध्ये ॲप जवळपास तयार असतं आणि बाहेरचे लोक ते आपापल्या फोनवर, आपल्या सवयीने वापरतात. खरी गंमत तिथेच.

आमच्या एका ॲपमध्ये फॉर्म भरताना फोटो जोडायचा होता. अल्फात काहीच झालं नाही, कारण सगळ्यांचे फोन भारी. बीटात मात्र तक्रारी आल्या, कोणी लिहिलं 'फॉर्म पुसला जातो', कोणी 'ॲप परत पहिल्यापासून सुरू होतं', एकाने नुसतं 'बेकार'. शेवटच्याचं काय करणार, त्याला उलट विचारलं की नक्की काय करत होतात, उत्तर नाही, म्हणून बाजूला ठेवलं. बाकीच्या वेगवेगळ्या वाटत होत्या, पण फोनचं मॉडेल आणि ॲपचं व्हर्जन लावून बघितलं तर सगळे कमी रॅमवाले, आणि सगळ्यांचं बिनसलं ते कॅमेरा उघडल्यावरच. म्हणजे बग एकच: कॅमेऱ्याला मेमरी हवी म्हणून अँड्रॉइड मागचं आपलं ॲप मारून टाकतं.

क्रॅश रिपोर्टमध्ये हे दिसलंच नाही, कारण तो क्रॅश नव्हताच! मग तसंच घडवून बघायला भारी फोनवरच डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Don't keep activities` चालू केलं, म्हणजे स्क्रीन सोडली की अँड्रॉइड ती लगेच पुसून टाकतं, आणि पहिल्याच फोटोला फॉर्म कोरा. कॅमेरा उघडायच्या आधी ड्राफ्ट फोनमध्ये सेव्ह करायला लागलो, नवीन बिल्ड आधी त्याच तक्रारवाल्यांना दिला, त्यांनी 'आता राहतंय' म्हटल्यावरच तिकीट बंद केलं.